मोटारसायकलच्या शॉकअपमधले तेल

मोटारसायकलच्या पुढच्या चाकाच्या दोन बाजूंना दोन शॉकअप असतात. चकचकीत दांडा खालच्या जाड नळीत वरखाली सरकतो. आत लांब स्प्रिंग असते आणि थोडे तेल असते. गाडीचा भार स्प्रिंग पेलते. मग तेल कशाला? स्प्रिंग दबली की उसळते, पुन्हा दबते, पुन्हा उसळते. तेल बारीक भोकांतून जाते आणि ही उसळी आवरते. बैलाला जसा कासरा, तसे स्प्रिंगला तेल.

तेल बाहेर येऊ नये म्हणून नळीच्या तोंडाशी रबराची कडी असते. तिला ऑइल सील म्हणतात. आपली परभणीकडची काळी माती पावसात दांड्याला चिकटते आणि वाळून कडक होते. तिने सीलची कड घासते. कड झिजली की तेल झिरपू लागते.

समजा, जिंतूरकडचा एक दूधवाला आहे. ब्रेक दाबला की त्याची गाडी झपकन नाक खाली घालते. डाव्या दांड्यावर तेल दिसले, म्हणून त्याने डावे सील बदलून घेतले. पंधरा दिवसांत तेल पुन्हा आले. नाकही तसेच खाली! तो म्हणतो, "सीलच खोटं निघालं."

सील खोटे नव्हते. दुसऱ्या मिस्त्रीने दोन्ही शॉकअप उघडले आणि तेल मापात ओतले. डावीकडे 220 मिलिलिटर निघाले, उजवीकडे फक्त 90. गाडीच्या पुस्तिकेत प्रत्येकी 160 लिहिलेले होते. डावीकडे अंदाजाने जास्त ओतले होते. तेलाच्या वर थोडी हवा राहावी लागते. तिला जागा उरली नाही, म्हणून खड्ड्यात दाब वाढला आणि नव्या सीलमधून तेल बाहेर आले. उजवीकडे कोणी पाहिलेच नव्हते. तिथले सील हळूहळू गळत होते. तेल कमी, म्हणून नाक खाली.

मिस्त्रीने दांड्यावरून नख फिरवले. गंजाच्या खड्ड्यात नख अडले असते, तर दांडाही बदलावा लागला असता, कारण असा खड्डा नवे सीलही फाडतो. दांडे गुळगुळीत होते. मग दोन्ही सील नवी घातली आणि दोन्हीकडे एकाच जातीचे फोर्क ऑइल मापून ओतले.

मापाची एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. काही पुस्तिकांत दोन आकडे असतात. नुसते तेल बदलताना थोडे जुने तेल आतच राहते, म्हणून तो आकडा लहान. सीलसाठी सगळे खोलून पुसले, तर मोठा आकडा घ्यावा. तुमच्या गाडीचा आकडा वेगळा असेल. वरचा 160 घेऊ नका.

आता पारख कशी करायची? पुढचा ब्रेक धरा, हँडल जोराने खाली दाबा आणि सोडा. गाडी एकदा वर येऊन थांबली, तर ठीक. दोनतीनदा डोलली, तर तेल कमी किंवा पातळ झाले आहे. मग दांड्याभोवती स्वच्छ बोट फिरवा. नुसता ओशट हात चालतो; तेलाचे ओले कडे दिसले, तर सील गेले. तेल खाली ओघळून डिस्कच्या पॅडला लागले असेल, तर पॅडही बदला. पॅडमध्ये मुरलेले तेल पुसून जात नाही, आणि मग ब्रेक धरत नाही.