ब्रशवर पेस्ट किती?

सकाळी शाळेची व्हॅन खाली उभी असते, डबा अर्धवट भरलेला असतो आणि लेक आंघोळीला निघालेली असते. अशा वेळी तिच्या ब्रशवर पेस्ट लावताना आपण कशाकडे बघतो? बहुतेक वेळा कशाकडेच नाही. जाहिरातीत दिसते तशी या टोकापासून त्या टोकापर्यंत लाटेसारखी पेस्ट ओढतो आणि ब्रश हातात देतो. जास्त पेस्ट म्हणजे जास्त स्वच्छता, असं आपल्या मनात कुठेतरी पक्कं बसलेलं असतं.

दोन-अडीच वर्षांच्या मुलाला ती पेस्ट थुंकता येत नाही. आपण "थू कर, थू कर" म्हणत राहतो, ते हसत आपल्याकडे बघतं आणि गिळून टाकतं. त्यात त्याचा हट्ट नसतो. तोंडात आलेलं बाहेर टाकायचं हे त्याच्या जिभेला अजून जमतच नाही. शिवाय स्ट्रॉबेरीच्या चवीचा, गुलाबी रंगाचा गोड फेस आपणच त्याला दिलेला असतो. गोड लागलं की गिळायचं, एवढंच त्याला ठाऊक असतं.

पेस्टमधलं फ्लोराइड दाताच्या वरच्या थराला बळकट करतं, म्हणून ते हवंच. दुधाचे दात किडले की मूल रात्री ठणक्याने रडतं, जेवत नाही, आणि आपण दवाखान्याच्या फेऱ्या मारतो. ते टाळायला फ्लोराइडइतका साधा उपाय दुसरा नाही. मात्र त्याचं काम दातांवर आहे, पोटात नाही. म्हणून सगळा प्रश्न मापाचा आहे.

माप सोपं आहे. पहिला दात आला की तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, म्हणजे ब्रशच्या केसांवर नुसती पुसलेली. तीन ते सहा वर्षांपर्यंत लहानशा मटारच्या दाण्याएवढी. दिवसातून दोनदा, त्यातलं एकदा रात्री झोपण्यापूर्वी. पूर्वी अमेरिकेतही दोन वर्षांखालच्या मुलांना फ्लोराइडची पेस्ट नको म्हणत. २०१४ मध्ये तिथल्या दंतवैद्यांच्या संघटनेने सल्ला बदलला: पहिल्या दातापासून द्या, पण तांदळाच्या दाण्याएवढीच.

आता ट्यूबवरचा आकडा बघू. आपल्याकडच्या नियमानुसार पेस्टमध्ये फ्लोराइड १००० पीपीएमपेक्षा जास्त चालत नाही आणि तो आकडा ट्यूबवर छापावाच लागतो. १००० पीपीएम म्हणजे एक ग्रॅम पेस्टमध्ये एक मिलिग्रॅम फ्लोराइड. मुलांच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पेस्टमध्ये ते निम्म्याच्या आसपास असतं, काहींत अजिबात नसतं. ट्यूबवरच्या कार्टूनवरून यातलं काहीच कळत नाही, आकडा वाचावाच लागतो. कीड रोखायला १००० पीपीएमची पेस्ट कमी ताकदीच्या पेस्टपेक्षा जास्त भरवशाची. म्हणून "लहान मुलांची" या शब्दावर विसंबण्यापेक्षा १००० ची पेस्ट दाण्याएवढी वापरणं बरं. घरातली मोठ्यांची पेस्ट तिखट लागत नसेल तर तीही चालते. नातेवाइकांनी इंग्लंड-युरोपातून ट्यूब आणली असेल तर तिच्यावर अनेकदा १४५० असतं, तेव्हा हात आणखी आखडता ठेवा.

हिशेब एकदा करून बघू. बारा किलोचं दोन वर्षांचं मूल घ्या. ब्रशभर पट्टी म्हणजे साधारण एक ग्रॅम पेस्ट. दोन वेळा लावली आणि त्याने सगळी गिळली, तर दोन मिलिग्रॅम फ्लोराइड पोटात गेलं. अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने एक ते तीन वर्षांच्या मुलासाठी पाणी, अन्न, पेस्ट सगळं धरून दिवसाची वरची मर्यादा १.३ मिलिग्रॅम ठेवली आहे. म्हणजे नुसत्या पेस्टनेच ती ओलांडली. हीच पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी लावली, तर एका वेळी ०.१ ग्रॅम, दोन वेळचं मिळून ०.२ मिलिग्रॅम. सगळी गिळली तरी काळजी नाही. मूल तेच, पेस्ट तीच, फरक फक्त मापाचा.

एखाद्या दिवशी जास्त गेलं म्हणून घाबरू नका. रोज, महिनोन्‌महिने जात राहिलं तर त्रास होतो, आणि तो तेव्हा दिसत नाही. पहिल्या काही वर्षांत हिरडीच्या आत पक्के दात तयार होत असतात. त्या काळात पोटात जास्त गेलेलं फ्लोराइड त्यांच्या कवचात खुणा ठेवतं. सहाव्या-सातव्या वर्षी समोरचे दात उगवतात तेव्हा त्यांवर पांढरे ठिपके किंवा धुरकट रेघा दिसतात. सौम्य असतील तर दात कमकुवत होत नाहीत, पण आरशात बघून मूल ओठ मिटून हसायला लागलं की आईबापांना ते सोसत नाही.

नांदेड, यवतमाळ, चंद्रपूरच्या ज्या गावांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे, तिथे हिशेब वेगळा होतो. पाण्यात लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड निघालं असेल, तर पेस्ट कोणती घ्यायची हे दंतवैद्यांना विचारूनच ठरवा.

घरी काय करता येईल? पेस्ट मोठ्यांनीच लावावी, आणि ब्रशच्या लांबीत न ओढता आडवी दाबावी, म्हणजे ती केसांत जिरते. आजी-आजोबांनाही हे माप सांगून ठेवा, नाहीतर मायेपोटी दुसऱ्यांदा पट्टी लावली जाते. तीन वर्षांखालच्या मुलाचं डोकं थोडं पुढे झुकवून दात घासा आणि उरलेला फेस ओल्या फडक्याने पुसून घ्या. थुंकायचा सराव आंघोळीच्या वेळी साध्या पाण्याने करा, तिथे रागावण्याचं कारणच उरत नाही. थुंकता यायला लागलं की खळखळून चुळा भरायला लावू नका. फेस थुंकला की पुरे, दातांवर राहिलेलं थोडं फ्लोराइड काम करत राहतं. सात-आठ वर्षांपर्यंत मुलाचा हात नीट फिरत नाही, तोवर शेवटचा हात आपला असू द्या.

आणि ट्यूब बेसिनवर उघडी ठेवू नका. बारा किलोच्या मुलाने १००० पीपीएमची साठ ग्रॅमच्या आसपास पेस्ट खाल्ली तर ते खरंच धोक्याचं ठरतं. किलोमागे पाच मिलिग्रॅम फ्लोराइड ही धोक्याची रेघ मानतात, आणि शंभर ग्रॅमच्या ट्यूबमध्ये ती सहज गाठली जाते. थोडं चाटलं तर पोट दुखेल, मळमळेल. दूध पाजा, त्यातलं कॅल्शियम फ्लोराइडला धरून ठेवतं, आणि मुलावर लक्ष ठेवा. बरीच ट्यूब रिकामी दिसली, उलट्या व्हायला लागल्या, लाळ गळतेय किंवा मूल मलूल वाटतंय, तर बोटं घालून उलटी काढू नका. ट्यूब बरोबर घ्या आणि थेट हॉस्पिटल गाठा.

आज रात्री झोपण्यापूर्वी ट्यूबवरचा आकडा एकदा वाचा, आणि पेस्ट तुमच्या हाताने, दाण्याएवढीच लावा.