तलाव मेमध्ये कोरडा, हिशेब मार्चमध्ये बंद

पीपीटी उघडून बसली आहेस, म्हणून सांगतो. आधी ती वाचणार कोण, ते ध्यानात घे. तुला वाटतं, कंपनीच्या सीएसआर कमिटीपुढे तू बोलशील आणि ते ऐकतील. बहुतेक वेळा तू तिथे नसतेसच. कंपनीतला सीएसआर बघणारा माणूस तुझी फाइल घेऊन आत जातो. संचालक मंडळाच्या बैठकीआधी त्याला जेमतेम वेळ मिळतो, आणि तेवढ्यात चार-पाच संस्थांचे प्रस्ताव पुढे सरकवायचे असतात. वित्त विभागाचा साहेब विचारतो, "हे पैसे या वर्षात खर्च होणार का?" त्याला तुझ्या स्लाइडवरून उत्तर देता आलं तर प्रस्ताव पुढे जातो, नाही तर "पुढच्या बैठकीत बघू". म्हणून प्रत्येक स्लाइडचा मथळा पुरं वाक्य हवा. "प्रकल्पाची पार्श्वभूमी" असं लिहू नकोस. "तलावात सुमारे २०,००० घनमीटर गाळ साचला आहे आणि मेमध्ये तलाव कोरडा पडतो" असं लिही. मथळे ओळीने वाचले तरी सगळा प्रस्ताव कळला पाहिजे.

आपलंच काम घेऊ. शिरूर तालुक्याच्या पूर्वेकडच्या एका गावातला पाझर तलाव, आणि पैसे मागायचे रांजणगाव एमआयडीसीतल्या कंपनीकडे. कारखान्याच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं, असं कंपनी कायद्याच्या कलम १३५ मध्येच म्हटलं आहे. त्यामुळे पहिल्या स्लाइडवर नकाशा टाक आणि त्यावर कारखाना व तलाव दोन्ही दाखव. त्याच स्लाइडवर खाली एका ओळीत मागणी लिही: १३ लाख रुपये, तीन आर्थिक वर्षांत. मागणी विसाव्या स्लाइडपर्यंत लपवून ठेवायची सवय आपल्या क्षेत्रात फार आहे. ऐकणारा मात्र तोवर मनात आकडाच शोधत बसतो.

आता खरी अडचण. गाळ काढता येतो तो तलाव आटल्यावर, म्हणजे एप्रिलच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत. जूनमध्ये वळवाचा एक दणका बसला की मशीन चिखलात रुतते. कंपनीचं वर्ष मात्र ३१ मार्चला संपतं. पुष्कळ संस्था फेब्रुवारीत जातात, "शिल्लक निधी आहे का?" असं विचारतात आणि मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात पैसे घेतात. मग कंपनीतून फोन येतो, "३१ तारखेच्या आत उपयोगिता प्रमाणपत्र पाठवा." काम तर सुरूही झालेलं नसतं. अशा वेळी खोटं प्रमाणपत्र देऊ नकोस, कितीही गोड बोलले तरी. पैसे तुझ्या खात्यात आले म्हणजे खर्च झाले असं होत नाही. ते कामावर वापरले गेले, हे कंपनीच्या मुख्य वित्त अधिकाऱ्याला प्रमाणित करावं लागतं, आणि तो तुझ्याच कागदाच्या भरवशावर सही करतो.

म्हणून आपण ऑक्टोबर-नोव्हेंबरात जायचं आणि वेळापत्रकाची स्लाइड दोन पट्ट्यांची करायची. वरच्या पट्टीत तलाव आणि खालच्या पट्टीत कंपनीचं वर्ष. डिसेंबर ते मार्च: ग्रामसभेचा ठराव, तलाव ज्या खात्याच्या ताब्यात आहे त्याची परवानगी, गाळाची मोजणी, आणि परिसरातल्या बारा विहिरींच्या पातळीची पहिली नोंद. एप्रिल-मे: गाळ काढणं. त्यानंतर दोन पावसाळे विहिरींची मोजणी. एवढं मांडलं की काम एका वर्षात मावत नाही, हे सांगावंच लागत नाही. अशा कामाला संचालक मंडळ 'चालू प्रकल्प' म्हणून मंजुरी देऊ शकतं. मग त्या वर्षी न खर्चलेली रक्कम कंपनी वर्ष संपल्यापासून तीस दिवसांत, म्हणजे ३० एप्रिलपर्यंत, वेगळ्या खात्यात ठेवते आणि पुढच्या तीन आर्थिक वर्षांत वापरते. 'चालू' नसलेल्या प्रकल्पाची रक्कम उरली, तर ती कायद्याच्या सातव्या परिशिष्टातल्या निधीत सहा महिन्यांच्या आत भरावी लागते, आणि आपला तलाव तसाच राहतो. वित्तवाल्या साहेबाला हे सगळं ठाऊक असतं. तुलाही ठाऊक आहे, हे त्याला स्लाइडवरून कळू दे. मात्र नुसतं 'चालू' हे लेबल लावून भागत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात खरंच काम असलं पाहिजे. आपल्याकडे विहिरींची मोजणी आहे.

पैशांची स्लाइड आता सरळ मांड. आकडे उदाहरणादाखल धरतो, दर तू तालुक्यातल्या तीन मशीनवाल्यांकडून लेखी घे. पोकलेनचं काम डिझेल आणि जीएसटीसह घनमीटरला ४५ रुपये धरलं तर २०,००० घनमीटरचे ९ लाख. आधीची आणि नंतरची मोजणी ६० हजार. जागेवर देखरेख करणारा माणूस १ लाख २० हजार. विहिरींची नोंद ९० हजार. संस्थेचा हिशेब, लेखापरीक्षण आणि समन्वय १ लाख ३० हजार. एकूण १३ लाख. याच्या शेजारी वर्षवार रकाने घाल: पहिल्या वर्षी ७० हजार, दुसऱ्या वर्षी ११ लाख ६० हजार, तिसऱ्या वर्षी ७० हजार. पहिल्या वर्षाचा आकडा इतका लहान पाहून कुणी नाराज झालं, तर होऊ दे.

शेवटच्या १ लाख ३० हजारांवर बोट पडणारच. "ओव्हरहेड पाच टक्केच चालतात ना?" असं कुणीतरी विचारतं. ती पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीने स्वतःचा सीएसआर कारभार चालवण्यावर केलेल्या खर्चाला आहे. एखाद्या प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांचा थेट खर्च तिच्यात येत नाही. पण बैठकीत नियमाचा पाठ म्हणायला जाऊ नकोस, माणसं ताठरतात. त्यापेक्षा 'प्रशासन १० टक्के' अशी ओळच ठेवू नकोस. कोण काय करणार, ते लिही: लेखापाल दर महिन्याला किती दिवस देणार, लेखापरीक्षकाची फी किती, गावात जाणं-येणं किती. कंपनीच्या स्वतःच्या धोरणात काही वेगळी मर्यादा असेल, तर ती सीएसआर अधिकाऱ्याला आधीच विचारून घे.

गाळ शेतात वाहून नेण्याचा खर्च आपण मागत नाही, तो शेतकरी करतात. हे बजेटच्या बेरजेत घुसवू नकोस, पण खाली वेगळ्या रंगात जरूर दाखव. गावात हिशेब ब्रासमध्ये चालतो. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, २.८३ घनमीटर. २०,००० घनमीटर म्हणजे सात हजारांच्या वर ब्रास. पण गाळ खणला की फुगतो. सव्वापट धर, म्हणजे ब्रासभराच्या ट्रॉलीच्या साधारण ८,८०० फेऱ्या होतील. फेरीला २५० रुपये धरले तर गावाचा वाटा २२ लाखांचा, आपल्या मागणीहून मोठा. ही ओळ कमिटीला कुठल्याही फोटोपेक्षा जास्त पटते.

याच फुगण्यामुळे पुढे भांडण लागतं, म्हणून मोजमाप कशावर धरायचं ते स्लाइडवरच लिहून टाक. मशीनवाला ट्रॉल्या मोजून बिल मागतो. तलावाच्या खड्ड्याची मोजणी केली तर आकडा त्याहून बराच कमी निघतो आणि कंपनीच्या लेखापरीक्षकाला वाटतं, चोरी झाली. "पैसे खणण्याआधीच्या आणि नंतरच्या छेदांच्या फरकावर दिले जातील, ट्रॉल्यांची वही फक्त पडताळणीसाठी" हे एक वाक्य तुझे दोन महिने वाचवेल. दुसरं असं की काळा गाळ संपून मुरूम लागला की खणणं थांबवायचं, आणि पाळूच्या पायथ्याशी मशीन न्यायचंच नाही. घनमीटरवर पैसे मिळतात म्हटल्यावर मशीनवाला खोल जायला बघतो. देखरेखीवर १ लाख २० हजार का लागतात, याचं उत्तर हेच आहे.

परिणामांच्या स्लाइडवर हात आखडता ठेव. २०,००० घनमीटर म्हणजे दोन कोटी लिटर. हा आकडा खरा आहे, पण ती झाली जागा. ती भरायला पाऊस लागतो. "दोन कोटी लिटर पाणी उपलब्ध" असं लिहिलंस आणि पाऊस कमी पडला, तर पुढच्या वर्षी त्याच कमिटीपुढे काय सांगशील? "साठवण क्षमता दोन कोटी लिटरने वाढेल" असं लिही. परिणाम विहिरींतून दाखव: दर वर्षी त्याच महिन्यात, त्याच विहिरी, दोरी टाकून पातळी मोजायची. बारापैकी तीन विहिरी तलावाच्या प्रभावाबाहेरच्या घे. पाऊस चांगला झाला तर सगळ्याच विहिरी वर येतील. तलावाखालच्या नऊ विहिरी त्या तिघींपेक्षा किती जास्त वर आल्या, ते आपलं काम. कंपनीला कर्मचाऱ्यांचा श्रमदान दिवस हवाच असतो. त्यांना पोकलेनच्या आसपास फिरकू देऊ नकोस, विहिरी मोजायला घेऊन जा.

कागदपत्रांवर फार बोलायचं नाही. सीएसआर-१ नोंदणी क्रमांक, १२ए आणि ८०जी, तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद, पूर्वी केलेल्या तलावांची यादी, सगळं शेवटच्या एका स्लाइडवर. काम सातव्या परिशिष्टातल्या कुठल्या बाबीत बसतं तेही तिथेच लिही. आपलं नैसर्गिक संसाधनांच्या संवर्धनात बसतं, ती चौथी बाब. तलाव सरकारी मालकीचाच राहील, हेही लिही, म्हणजे मालमत्ता कुणाच्या नावावर होणार हा प्रश्नच येत नाही.

कमिटीतून "छान आहे" असा निरोप आला, तरी मशीन ठरवू नकोस. कमिटी शिफारस करते, मंजुरी संचालक मंडळाची असते, आणि त्यानंतर करार. या तिन्हींत आठवडे जातात.

आणि बहुतेक वेळा निरोप येतो तो असा: "प्रस्ताव आवडला, पण आठ लाखांत करा." तेव्हा प्रत्येक ओळीतून थोडं थोडं कापू नकोस. मोजणी, देखरेख, विहिरी आणि हिशेब यांचे चार लाख गाळ कमी काढला म्हणून फारसे कमी होत नाहीत. उरलेल्या चार लाखांत ४५ च्या दराने नऊ हजार घनमीटरच्या आतच गाळ निघेल. मूळ तेरा लाखांचा आणि हा आठ लाखांचा, असे दोन्ही पर्याय शेजारी शेजारी मांडून एका पानावर परत पाठव आणि निवड त्यांच्यावर सोड. देखरेखीचे पैसे कापून वीस हजार घनमीटरच काढा म्हणाले, तर ते काम आपण घ्यायचं नाही.