कोळंबी सोलायची वेळ: शेपटीकडून सुरुवात

प्रश्न : आमच्या घरी मासळी रोजची. मुलगी तेरा वर्षांची, मुलगे नऊ आणि सहा वर्षांचे. सासूबाई म्हणतात, "पोरांक आडाळ्याकडे जावक दिव नको." मला वाटतं, थोडं थोडं शिकवावं. कुठल्या वयात काय सांगावं?
— एक आई, देवबाग

उत्तर : आडाळ्यापुरतं तुमच्या सासूबाईंचं बरोबर आहे. पण मासळीचं काम म्हणजे नुसता आडाळो नव्हे. त्याचे तुकडे पाडले, की सहा वर्षांच्या पोरालाही त्यातलं एखादं पेलतं.

धाकट्यापासून सुरू करा, आणि कोळंबीने. नेहमीची चूक अशी, की आपण पोराच्या हातात आख्खी कोळंबी देतो आणि "डोकं काढ" म्हणतो. डोक्यावरचा काटा पहिल्याच झटक्यात टोचतो आणि पोरगा आठवडाभर फिरकत नाही. उलट्या टोकाने जा. डोकं, पाय आणि वरच्या दोन-तीन कड्या तुम्ही काढा. उरलेलं साल शेपटीकडून ओढून काढायचं काम त्याचं. सोललेली कोळंबी भांड्यात पडते ती त्याच्याच हातून, म्हणून काम पुरं केल्यासारखं त्याला वाटतं. हे जमलं की सगळ्या कड्या त्याच्या, मग पाय, आणि डोकं सर्वांत शेवटी. पाठीवरचा काळा दोरा नऊ वर्षांच्या भावाने टूथपिकने उचलावा.

एका वेळी त्याच्यापुढे आठ-दहाच कोळंब्या ठेवा, बाकीच्या बर्फात. पोरांचा वेग बेताचा, आणि आपल्याकडच्या उकाड्यात उघडी मासळी फार वेळ टिकत नाही. सालाला मांस चिकटून गेलं तरी त्याच्यासमोर पुन्हा सोलायला बसू नका. आमटीत कोळंबी थोडी कमी दिसेल, एवढंच. हात साबणाने धुईपर्यंत डोळ्यांना लावायचे नाहीत, हे मात्र पहिल्या दिवसापासून. हाताला खाज किंवा पुरळ उठलं तर काम थांबवून डॉक्टरांना दाखवा. काहींना कोळंबी सोसत नाही.

नऊ वर्षांच्याला बांगडा द्या, पण कात्रीने. पर आणि शेपटी त्याने कापावी, डोक्याकडचा काप तुम्ही द्यावा, मग कल्ले आणि आतडी त्याने ओढून काढावीत. शिंगाळ्याला त्याने हात लावायचा नाही; त्याचे काटे विषारी असतात आणि मेलेल्या माशाचेही टोचतात. जिवंत कुर्ल्याही मोठ्यांकडेच.

याच पोराकडे आणखी एक काम पूर्णपणे सोपवा: खवले-आतडी माडाच्या बुंध्याशी खड्डा करून पुरणं. मी 'पूर्णपणे' म्हणते, कारण "अरे, पुरलंस काय?" हे रोज तुम्हीच विचारत राहिलात, तर त्याच्याकडे फक्त खड्डा खणणं आलं, लक्षात ठेवणं तुमच्याकडेच राहिलं. पहिला आठवडा आठवण करून द्या, मग गप्प बसा. विसरला तर सकाळी कुत्री आणि वास दोन्ही सांगतील. त्या दिवशी अंगण झाडणंही त्याचंच.

आता आडाळो. मुलगी तेराची आहे, तिला शिकवायला हरकत नाही. सुरीत हात चालतो आणि वस्तू स्थिर असते. इथे पातं स्थिर आणि हात पात्याकडे जातो, म्हणून सुरी येणाऱ्यालाही तो नव्याने शिकावा लागतो. पाट पायाखाली घट्ट दाबलेला, दोन्ही हातांनी धरलेला जिन्नस पात्यावर ढकलायचा, बोटं पात्याच्या रेषेबाहेर. आधी पडवळ, भेंडी, मग बांगडा. मासा निसटत असेल तर बोटांना राख किंवा जाडं मीठ लावायचं. पाट हलतो किंवा ती दुसरीकडे बघून बोलते, असं दिसलं तर अजून वेळ आहे असं समजा. मोठ्या सुरमईचा कणा तिने एवढ्यात कापू नये.

एक खटकलं ते सांगते. तुमच्या घरी मुलगी थोरली आहे, त्यामुळे सगळी कामं हळूहळू तिच्याच पदरात पडतील. धाकटे दोघे तेराचे झाले, की त्यांनाही याच पाटावर बसवा.

थोरलीला आता कापण्यापुढचं काम हवं: बाजार. ठरावीक पैसे द्या, वाटा तिला निवडू द्या. कल्ले लालभडक, डोळे फुगीर आणि स्वच्छ, बोटाने दाबलेला खळगा लगेच भरून येतो, हे पाहून घ्यायचं. बांगडा-तारली घेऊन रस्त्यात गप्पा मारत थांबू नये, हे कारणासकट सांगा: उन्हात राहिलेल्या या माशांत हिस्टामीन तयार होतं, ते शिजवूनही जात नाही, आणि खाल्ल्यावर तोंड लाल होऊन डोकं दुखतं. एखाद्या दिवशी ती महाग किंवा शिळं घेऊन येईल. त्या दिवशी मासे परत करायला तीच जाईल, किंवा घरी डाळ-भात होईल.

आणि 1 जूनपासून यांत्रिक मासेमारी बंद झाली की ताजी मासळी कमी येईल. तेव्हा धाकट्याला सुका गोलमा निवडायला बसवा. त्याला पातं लागत नाही, घाई नाही, आणि तासभर ताटात पडून राहिला तरी काही बिघडत नाही. काडी-कचरा आणि डोकी वेगळी करून भाजण्याइतका गोलमा त्याने एकट्याने तयार केला, की ऑगस्टात ताज्या कोळंबीच्या वेळी तुम्हाला वरच्या कड्याही त्याच्यावर सोडता येतील.