नऊ शब्द आणि वीस हजार

मलकापूर

चि. ताईस,

तुझ्या नेमणुकीच्या कागदाचे फोटो मिळाले. खामगावकडच्या जिनिंग-प्रेसिंगवर मॅनेजर म्हणून तू चाललीस याचा आनंद तुझ्या आईने फोनवर इतका केला, की मला वेगळा करायला काही उरलंच नाही. म्हणून लगेच कामाचं लिहितो.

पगाराचं कलम ठीक आहे. राहण्याचं ठीक आहे. तिसऱ्या पानावर एक ओळ आहे, ‘याशिवाय मॅनेजरला फर्मच्या निव्वळ नफ्यावर दहा टक्के कमिशन मिळेल.’ शब्द बरोबर नऊ आहेत. या ओळीवर सही करू नकोस. शेठजी वाईट आहेत असं मी म्हणत नाही. पण ओळ अर्धी आहे, आणि उरलेली अर्धी मार्चनंतर कोणीतरी आपल्या सोयीने पुरी करतो.

नफा कोणता? तुझं कमिशन खर्चात धरण्यापूर्वीचा, की धरल्यानंतरचा? बी.कॉम.ला हे गणित तू केलंच असशील. तिथे प्रश्नातच ‘आकारण्यापूर्वीच्या’ किंवा ‘आकारल्यानंतरच्या’ असं छापलेलं असतं. करारात ते छापायला कोणाला सुचत नाही.

समज, सगळे खर्च, व्याज, घसारा जाऊन आणि तुझं कमिशन अजून न लावता नफा आला २२,००,००० रुपये. आकारण्यापूर्वीच्या नफ्यावर दहा टक्के म्हणजे सरळ २,२०,०००. आकारल्यानंतरच्या नफ्यावर म्हणशील तर २,००,०००. वीस हजारांचा फरक, आणि दोन्ही बाजूंना आपणच बरोबर असं मनापासून वाटत असतं.

दुसरा आकडा कसा आला हे खळ्यावर उभी राहून बघ. मालकाच्या ढिगात दहा पायल्या पडल्या की तुझ्या ढिगात एक, असा ठराव असला तर एकूण धान्य किती वाट्यांत फुटलं? अकरा. म्हणून तुझा वाटा अकरावा, दहावा नव्हे. बावीस लाखांचा अकरावा भाग दोन लाख. ताळा असा, की २२ लाखांतून दोन गेले, वीस उरले, आणि विसाचे दहा टक्के दोन. सूत्र लागतच असेल तर नफ्याला दराने गुणायचं आणि शंभर अधिक दर याने भागायचं: दहा टक्क्यांना १०/११०, पाच टक्क्यांना ५/१०५. पण मला ताळा जास्त विश्वासाचा वाटतो. सूत्र उलटसुलट आठवू शकतं, ताळा खोटं बोलत नाही.

ताळा न करणारे दिवाणजी मी बरेच पाहिले. ते काय करतात, तर बावीस लाखांचे दहा टक्के २,२०,००० काढतात, ते नफ्यातून वजा करतात, आणि उरलेल्या १९,८०,००० वर पुन्हा दहा टक्के लावून १,९८,००० लिहून मोकळे होतात. दिसायला चोख. पण खर्चात जर १,९८,००० च पडले, तर उरले २०,०२,०००, आणि त्याचे दहा टक्के होतात २,००,२००. पुन्हा तो आकडा वजा करून बघ, १,९९,९८० येतील. आणखी एकदा केलंस तर २,००,००२. तराजूचा काटा जसा इकडेतिकडे हलत स्थिर होतो तसा हा आकडा दोन लाखांवर येऊन थांबतो. पहिल्याच हेलकाव्याला काटा धरला म्हणजे तुझे दोन हजार गेले.

माझं स्वतःचं सांगतो. १९८६ साली मी एका जिनवर होतो (नाव कशाला हवं), आणि माझ्या कागदावर अशीच अर्धी ओळ होती. नफा निघाला एक लाख दहा हजार. मी मनात अकरा हजार धरून बसलो होतो, हाती दहा हजार आले. मालक म्हणाले, ‘दिवाणजी, तुमचं कमिशन हा फर्मचा खर्चच ना? मग खर्च वजा झाल्याशिवाय नफा निव्वळ कसा?’ मला उत्तर सुचलं नाही. खरं तर आजही त्या युक्तिवादात मला खोट सापडत नाही. खोट कागदात होती. तो हजार रुपया मला आजवर आठवतो, कारण त्यात तुझ्या मामीची सिलाई मशीन येणार होती.

शेठजी ‘नंतरच्या नफ्यावर’ असंच म्हणाले तर भांडू नकोस. दर मागून घे. नंतरच्या नफ्यावर अकरा टक्के ठरले तर बावीस लाखांवर ११/१११ या हिशेबाने २,१८,०१८ रुपये होतात, म्हणजे आधीच्या दहा टक्क्यांहून फक्त दोनेक हजार कमी. माणसं शब्दावर अडतात, एका टक्क्यावर सहसा अडत नाहीत. आणि कोणी ‘कंपन्यांत कसं असतं’ म्हणालं तर एवढं माहीत असू दे: २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १९७ व्या कलमात पब्लिक कंपनीच्या एका व्यवस्थापकीय संचालकाच्या किंवा मॅनेजरच्या मोबदल्याला निव्वळ नफ्याच्या पाच टक्क्यांची मर्यादा आहे, आणि ती मोजताना संचालकांचा मोबदला नफ्यातून वजा करत नाहीत. तुझी भागीदारी फर्म आहे, तिला ते लागू नाही. इथे लिहिलेलं तेच खरं.

आता उचलीकडे ये. गणित येणारी माणसंही इथे फसतात. तुला दर महिन्याला पाच हजार कमिशनपोटी उचल मिळणार असं तू म्हणालीस. वर्षाचे साठ हजार झाले. ते दरमहा कमिशन खात्याला नावे पडतील, म्हणजे खर्चात जातील. मार्चअखेर संगणकातून नफा निघेल तो २१,४०,०००. हा आकडा ना आधीचा, ना नंतरचा. मधलाच कुठलातरी आहे. यावर सरळ दहा टक्के लावले तर २,१४,००० येतात, अकरावा भाग काढला तर १,९४,५४५. दोन्ही चूक. आधी साठ हजार नफ्यात परत मिळवायचे, बावीस लाख करायचे, मग ठरावाप्रमाणे कमिशन काढायचं. दोन लाख निघालं तर त्यातून उचल वजा जाऊन तुला येणं १,४०,०००. ती रक्कम नफा-तोटा खात्याला नावे आणि देय कमिशन खात्याला जमा. उचल मुळातच तुझ्या नावच्या वेगळ्या खात्यात टाकायला लाव, मग हा घोळच उरत नाही.

हीच चूक मोठी होते ती सीएकडून पक्का हिशेब येतो तेव्हा. त्यांनी तुझ्या कमिशनची तरतूद करून टाकलेली असते आणि खाली नफा दिसतो वीस लाख. कोणीतरी उत्साहाने त्याचा अकरावा भाग काढतो, १,८१,८१८. एकच कमिशन दोनदा वजा झालं. ओळखायचं कसं? नफा-तोटा पत्रकाच्या नावे बाजूला ‘कमिशन’ नावाची ओळ शोध. ती असेल आणि तिच्यात नुसती उचल नसून पूर्ण कमिशन असेल, तर खालचा नफा नंतरचा आहे, त्यावर सरळ दहा टक्के. नसेल तर आधीचा.

प्रेसवरच्या फोरमनलाही पाच टक्के आहेत असं ऐकलं. मग ‘नंतरच्या’ म्हणजे फक्त तुझं कमिशन गेल्यानंतरच्या, की दोघांची गेल्यानंतरच्या, हेही लिहून घे. दोघांची म्हटलं तर दोन वेगळी सूत्रं लावायची नाहीत. कमिशनांपूर्वीचा नफा २३ लाख धर. मालकाच्या शंभरामागे तुमचे दोघांचे मिळून पंधरा, म्हणजे १५/११५, तीन लाख. त्यात तुझे दोन, फोरमनचा एक, मालकाकडे वीस उरले. ताळा पुन्हा जमला.

या सगळ्याच्या वर एक गोष्ट आहे, आणि ती आकडेमोडीत सापडत नाही. आमच्या वेळी वह्या दिवाळी ते दिवाळी असत. दिवाळीला मागच्या हंगामाची रुई विकून झालेली, सरकी तेलमिलला गेलेली, आवारात झाडू मारलेला. नवा कापूस नुकता फुटत असे. शिल्लक मालच नगण्य, म्हणून नफा किती याबद्दल वाद फारसा होत नसे. १९८९ पासून आयकरासाठी सगळ्यांचं वर्ष ३१ मार्चला संपायला लागलं. जिनसाठी ही तारीख अगदी अडनिडी. हंगाम उरकत आलेला, पण गठाणी गोदामात थप्पी लावून पडलेल्या आणि सरकीचा डोंगर शेडमध्ये. त्या मालाची किंमत काय धरली यावर नफा ठरतो.

शंभर गठाणी असतील आणि गठाणीमागे अकराशे रुपये कमी धरले, तर नफा १,१०,००० ने खाली येतो. तुझं कमिशन आधीच्या हिशेबाने अकरा हजारांनी, नंतरच्या हिशेबाने दहा हजारांनी. यात लबाडी असेलच असं नाही. पडत किंमत किंवा बाजारभाव, यांत जी कमी ती धरायची हा हिशेबाचा जुना नियम आहे. आणि हा फरक पुढच्या वर्षी आपोआप भरूनही निघतो, कारण आजची अखेरची शिल्लक ही उद्याची सुरुवातीची शिल्लक. पण तू मेमध्ये नोकरी सोडलीस तर तुझं पुढचं वर्ष येतच नाही. म्हणून ३१ मार्चला संध्याकाळी गोदामात स्वतः फिर, गठाणी मोज (एक गठाण साधारण १७० किलोची, पण तुमच्या प्रेसचं वजन पावतीवरून बघ) आणि कोणत्या भावाने धरल्या ते त्याच कागदावर लिहून मुनीमजींची सही घे.

भागीदारांचा पगार आणि भांडवलावरचं व्याज यांच्या आधीचा नफा की नंतरचा, हेही विचार. फर्ममध्ये चार भाऊ भागीदार आहेत. चौघांचे पगार वजा झाल्यावर दहा टक्के कशाचे घेशील? माझ्या मते दोन्हींच्या आधीचा मागावा, आणि आयकराच्याही आधीचा. ते नाही म्हणाले तर निदान आकडा तरी विचारून ठेव.

नफ्यात वाटा आहे म्हणून तू भागीदार होशील, ही भीती तुझ्या वडिलांना वाटते ती काढून टाक. १९३२ च्या भागीदारी कायद्याचं सहावं कलम तेच सांगतं, नोकराला मोबदला म्हणून नफ्याचा हिस्सा दिला तर तेवढ्याने तो भागीदार ठरत नाही. फर्मचं देणं तुझ्या अंगावर येणार नाही. तोट्याच्या वर्षी कमिशन शून्य. मागचा तोटा भरून निघाल्यावरच पुढचं कमिशन, असं काही ते घालू पाहतील, तिकडे लक्ष ठेव.

त्या ओळीऐवजी हे घालायला सांग: ‘मॅनेजरचे कमिशन आकारण्यापूर्वीच्या, तसेच भागीदारांचा पगार, भांडवलावरील व्याज व आयकर यांपूर्वीच्या निव्वळ नफ्यावर दहा टक्के. उदाहरणार्थ, असा नफा २२,००,००० असल्यास कमिशन २,२०,०००.’ उदाहरण गाळू देऊ नकोस. वकिलांना ते बाळबोध वाटेल, वाटू दे.

सुधारलेलं तिसरं पान आलं की सही करण्याआधी मला फोटो पाठव. या वेळी जरा उजेडात काढ, मागच्या फोटोत तुझ्या अंगठ्याखाली टक्केच झाकले गेले होते. मामीने कुरडया बांधून ठेवल्या आहेत, शनिवारी कोणी खामगावकडे येणार असेल तर त्याच्याबरोबर पाठवतो.

तुझा
मामा