डेकमध्ये कांदा कुठाय?

पिच डेक बनवून देणाऱ्यांचं सध्या पेव फुटलंय. तालुक्याच्या गावात कुणी चार माणसं हाताशी धरून वाळवणाचा, मसाल्याचा, चिप्सचा उद्योग काढला की महिन्याभरात एखादा मेंटॉर दारात हजर होतो. आमच्याकडेही आला. चाळीसगावला आम्ही पांढऱ्या कांद्याच्या फ्लेक्स करतो. शेड होतं, छोटा ट्रे ड्रायर होता, माल घेणारे दोन मसालेवाले होते. मोठ्या ड्रायरसाठी पैसे हवे होते. मेंटॉर म्हणाले, "ताई, तुम्ही काही बघू नका. बारा स्लाइड्स, बारा मिनिटं, काम फत्ते."

त्या बारा स्लाइड्स अशा होत्या. नाव आणि लोगो, मग 'समस्या', मग 'उपाय', मग जगभरातली डिहायड्रेटेड भाज्यांची बाजारपेठ अब्जावधी डॉलरमध्ये. पुढे इन्स्टाग्रामचे फॉलोअर्स. त्यापुढे स्पर्धकांचा तक्ता, त्यात आमच्या रकान्यात सगळ्या बरोबरच्या खुणा आणि बाकीच्यांच्या रकान्यात फुल्या. मग आमचे हसरे फोटो, आकाशाकडे निघालेला आलेख आणि शेवटी मागणी: ५० लाख. त्यातले ३५ मशिनरीला, १० ब्रँडिंगला, ५ टीमला.

माझ्याकडे वहीत एका किलो फ्लेक्सचा हिशेब होता, ट्रॉलीवार. तो मी स्लाइडवर घ्या म्हणून मागे लागले होते. "एवढे आकडे कोण बघतं ताई? इन्व्हेस्टरला स्टोरी लागते," असं म्हणून त्यांनी तो काढला. हे मी मुद्दाम लिहून ठेवतेय, कारण नंतर हेच गृहस्थ चारचौघांत म्हणाले की फाउंडरला फायनान्सची समज कमी आहे.

पुण्याच्या बैठकीत पाच जण होते. चौघे लॅपटॉपमध्ये. पाचवे वयस्कर, सगळी हयात मसाल्याच्या धंद्यात गेलेली. अब्जावधी डॉलरची स्लाइड त्यांनी शांतपणे बघितली. शेवटच्या स्लाइडला त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "पन्नास लाखात कांदा कुठाय?" आम्हाला वाटलं विनोद केला. ते म्हणाले, "मशीन पस्तीसचं, जाहिरात दहाची. त्या मशीनमध्ये घालायला कांदा कशाने घेणार?" मी मेंटॉरकडे बघितलं. ते मोबाइलमध्ये काहीतरी शोधत होते. बैठक संपेपर्यंत शोधतच होते.

पुढचा प्रश्न होता, "टीएसएस किती धरलाय?" याचं उत्तर मला झोपेतून उठवलं तरी देता आलं असतं. पण स्लाइडवर ते नव्हतं, आणि जे स्लाइडवर नाही ते तोंडी सांगितलं की सारवासारव वाटते.

तर ज्यांना डेक करायचाय त्यांच्यासाठी ही स्लाइड आधी सांगते. माझ्या मते ती पहिल्या तिनात हवी.

टीएसएस म्हणजे रसातले विरघळलेले घन पदार्थ. कांद्यात जे काही घन आहे तेच वाळवल्यावर उरतं, बाकी पाणी. मोजायला हातात मावणारा रिफ्रॅक्टोमीटर पुरतो. कांदा आडवा चिरायचा, मधल्या पाकळीचा रस फडक्यातून पिळायचा, एक थेंब काचेवर टाकून झाकण लावायचं आणि उजेडाकडे धरून बघायचं. निळा आणि पांढरा भाग जिथे भेटतात तो आकडा. एकाच ट्रॉलीत लहान-मोठा, वरचा-तळाचा कांदा वेगवेगळा आकडा देतो, म्हणून एका कांद्यावर विसंबायचं नाही. दहा-बारा कांद्यांची सरासरी काढून ट्रॉलीच्या नंबरापुढे लिहायची.

आता १०० किलो कांदा घ्या. साल, शेंडा, मुळं काढून आमच्याकडे ८६ किलो उरतो. टीएसएस १३ असेल तर त्यात घन भाग ११.२ किलो. फ्लेक्समध्ये ५ टक्के ओलावा ठेवला तर हातात ११.८ किलो माल, म्हणजे एक किलो फ्लेक्सला साडेआठ किलो कांदा. तोच कांदा १७ टीएसएसचा असेल तर १५.४ किलो माल निघतो, म्हणजे साडेसहा किलोला एक. कांदा १२ रुपये किलोने घेतला तर पहिल्यात एका किलोमागे १०२ रुपयांचा कांदा जातो, दुसऱ्यात ७८ रुपयांचा. इंधन, वीज, मजुरी, निवड आणि पॅकिंग मिळून आमचे ५५ रुपये होतात. तेव्हा आमचा विक्रीचा भाव १८५ होता. म्हणजे एकीकडे २८ रुपये उरतात, दुसरीकडे ५२. यंत्र तेच, माणसं तीच, भाव तोच.

याच स्लाइडवर खाली एक ओळ हवी: कांदा महागला तर काय? तेराचा माल सव्वापंधरा रुपयांच्या वर परवडतच नाही. सतराचा माल २० रुपयांना बरोबरीवर येतो, त्यापुढे भट्टी पेटवायची नाही. कांद्याचा भाव कसा नाचतो हे काय आपल्या माणसांना सांगायला हवं! पण डेकमध्ये वर्षभर एकच भाव धरून आलेख काढलेला असतो, आणि ज्याला धंदा कळतो तो तिथेच वही मिटतो. कोणत्या भावाला तुम्ही खरेदी थांबवणार हे लिहिलंत तर समोरच्याला कळतं की हा माणूस बाजार समितीत उभा राहिलेला आहे.

दुसरी स्लाइड पैशाच्या फेऱ्याची. वाळवणाचा कांदा आम्हाला फेब्रुवारी ते मे असा शंभर दिवस मिळतो. दिवसाला अडीच टन धरला तरी २५० टन, म्हणजे १२ रुपयांनी ३० लाखांचा कांदा. शेतकऱ्याला पैसे रोख हवे, आणि का नसावेत? वर प्रक्रियेचा खर्च २१ लाख. माल मात्र दिवाळीपर्यंत थोडा थोडा जातो आणि घेणारा साठ दिवसांनी पैसे देतो. आमच्या हिशेबात मे अखेरपर्यंत १६ लाख परत आलेले असतात, म्हणजे ३५ लाख अडकलेले. हा खड्डा महिनावार काढून दाखवायचा आणि तो कशाने भरणार तेही लिहायचं. बँकेची कॅश क्रेडिट मिळते, पण ती साठ्याच्या पूर्ण किमतीवर नाही, मार्जिन सोडून मिळते. उरलेलं गुंतवणूकदाराच्या पैशातून. 'कांदा कुठाय' या प्रश्नाचं उत्तर ही स्लाइड आहे, आणि आमच्या वहीत ती होती.

पैसा कुठून येणार या स्लाइडवर मेंटॉरनी आणखी एक दिवा लावला होता. केंद्राच्या पीएमएफएमई योजनेत सूक्ष्म उद्योगाला प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान आहे. ते १० लाख त्यांनी पहिल्या वर्षी हातात आलेली रोकड म्हणून दाखवले. ते अनुदान कर्जाशी जोडलेलं आहे. बँकेत वेगळ्या खात्यात पडून राहतं आणि कर्जाचा शेवटचा हप्ता उचलल्यापासून तीन वर्षं खातं नीट चाललं, उद्योग सुरू असला तर कर्जात वळतं होतं. त्यातून कांद्याची एक गोणी येत नाही. त्या वयस्कर सरांनी हेही पकडलं. म्हणून अनुदान दाखवा, पण चौथ्या वर्षी कर्ज कमी होतं त्या रकान्यात.

बाकीच्या स्लाइड्सना फार डोकं लावू नये. स्पर्धकांच्या तक्त्यात फुल्या-खुणांपेक्षा एकच प्रश्न सोडवा: गुजरातमधल्या महुव्याला कांदा वाळवणारे कारखाने ओळीने उभे आहेत, मग माणूस चाळीसगावहून का घेईल? आमचं उत्तर होतं, लहान लॉट आणि प्रत्येक पोत्यामागे ट्रॉलीपर्यंतची नोंद. ते पटलं नाही तरी चालेल, पण उत्तर असावं. बाजारपेठेच्या स्लाइडवर जग नको, ट्रक एका रात्रीत पोचेल एवढ्या अंतरातले दहा घेणारे आणि त्यांची वर्षाची खरेदी हवी. फॉलोअर्सच्या जागी ज्यांनी पुन्हा माल मागवला त्यांची यादी: लॉट, भाव, पैसे किती दिवसांनी आले. प्रयोगशाळेचा अहवाल एका चांगल्या लॉटचा लावू नका, ओळीने आलेल्या लॉटचे लावा. ओलावा आणि जिवाणूंची संख्या पावसाळ्यात कशी वर जाते हे घेणाऱ्याला ठाऊक असतं. टीमची स्लाइड छोटी ठेवा. फाँट मोठा ठेवा. वेळेआधी पोचा.

नंतर मी डेक स्वतः केला. नऊ स्लाइड्स, रंगही एकच. त्याच वयस्कर सरांना पाठवला. त्यांनी फोनवर दुष्काळात टीएसएस वाढतो की नाही यावर अर्धा तास घेतला आणि मग वीस लाखांचं बोलणं सुरू केलं. मेंटॉरना हे कुठून कळलं कोण जाणे. दुसऱ्याच आठवड्यात त्यांचं बिल आलं, तीन टक्के 'सक्सेस फी'.

आमच्या कराराच्या मागच्या पानावर होतं की त्यांनी ओळख करून दिलेल्या कुणीही पुढच्या बारा महिन्यांत पैसे घातले तर टक्का त्यांचा. मेंटॉरशी सही करताना हे कलम आधी बघा. काढायला लावा, नाहीतर नावांची यादी जोडायला लावा आणि मुदत तीन महिन्यांवर आणा. टक्का प्रत्यक्ष खात्यात आलेल्या रकमेवरच, आणि डेक त्यांनी केलेला असेल तरच, असंही लिहून घ्या. मी बिलाला उत्तर म्हणून दोन्ही डेक शेजारी शेजारी छापून पाठवले आणि विचारलं, यातल्या कोणत्या स्लाइडचे तीन टक्के? अजून काही आलेलं नाही. आमची नावं मात्र त्यांच्या माहितीपत्रकात 'यशस्वी उद्योग' म्हणून छापलेली आहेत, फोटोसकट.