सभेचे बोलावणे

निवडणूक जवळ आली की तालुक्याच्या गावी सभा होतात. टेंपो पारापाशी येऊन उभा राहतो. शेजारी दारात येतो आणि म्हणतो, "चला सभेला." आपल्याला जायचे नसते. का जायचे नाही, तेही सांगायचे नसते. पण शेजारी तर तोडायचा नाही. बांधाला बांध लागून आहे, विहिरीवर पाण्याच्या पाळ्या आहेत. मग काय बोलावे?

हे दोघांचे बोलणे वाचा.

"तात्या, संध्याकाळी सभेला चलायचं. टेंपो आहे."

"आठवणीनं सांगायला आलास, बरं वाटलं. पण मी येणार नाही. माझी जागा दुसऱ्या कुणाला दे."

"का हो? आमचा पक्ष पसंत नाही का?"

"मी कोणाच्याच सभेला जात नाही. परवा दुसरे आले होते. त्यांनाही हेच सांगितलं."

"मग मत कोणाला देणार?"

"मत गुप्त असतं बाबा, ते गुप्तच राहू दे. तुझी म्हैस व्याली का?"

"व्याली की! पारडी झाली."

तात्यांनी काय केले ते पाहू.

त्यांनी लगेच नाही म्हटले. शेजाऱ्याला टेंपो भरायचा असतो. "बघू" म्हटले की तो जागा धरून ठेवतो. ऐन वेळी माणूस आला नाही, की त्याला राग येतो.

त्यांनी सबब सांगितली नाही. "कांदा काढायचा आहे" म्हणावे, तर तो म्हणतो, "सभा रात्री आहे." "ताप आहे" म्हणावे, तर दुसऱ्या दिवशी आपण गिरणीवर दिसतो. खोटे उघडे पडते आणि खरे कारण काय, याची चर्चा गावभर होते.

त्यांनी सर्वांना एकच नियम लावला. हे फार महत्त्वाचे आहे. एका पक्षाच्या सभेला गेलो आणि दुसऱ्याला नाही म्हटले, तर न बोलताही आपले मत कळते. एकाची टोपी किंवा उपरणे घेतले तरी तसेच होते.

शेवटी त्यांनी म्हशीची गोष्ट काढली. पक्षाला नाही म्हटले, पण शेजाऱ्याशी बोलणे चालू राहिले.

मत गुप्त ठेवणे म्हणजे लबाडी नव्हे. मत कोणाला दिले, हे सांगण्याची सक्ती कोणावरही करता येत नाही. 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात तसे कलम आहे.

मात्र कोणी मतासाठी धमकी दिली, तर गोड बोलून भागत नाही. मतासाठी धमकावणे हा गुन्हा आहे. त्याची तक्रार पोलीस ठाण्यात किंवा तहसील कचेरीतल्या निवडणूक अधिकाऱ्याकडे करावी.

प्रश्न
1. "बघू" म्हटल्याने काय होते?
2. तात्यांनी ताप आल्याची सबब का सांगितली नाही?
3. एकाच पक्षाच्या सभेला गेल्याने काय कळते?