दिलगिरीचे पत्र

दिवाळीचा फराळ तयार करून देणारा एक लहानसा गृहोद्योग होता. चकल्या, करंज्या, बेसनाचे लाडू, चिवडा आणि अनारसे असा पाच जिनसांचा डबा ८०० रुपयांना मिळे. घरपोच पोहोचविण्याचे ८० रुपये निराळे. धनत्रयोदशीपर्यंत डबा घरी येईल, असे ग्राहकांना सांगितलेले होते. नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान झाले, की घरोघरी फराळाची ताटे मांडली जातात. तेव्हा हा वायदा पाळणे अगत्याचे होते.

परंतु एका वर्षी ४० घरी डबा पोहोचला तो भाऊबीजेच्या संध्याकाळी! दुसऱ्या दिवशी उद्योगाच्या चालकबाईंनी ग्राहकांना पत्र लिहावयास घेतले : “काही अपरिहार्य कारणांमुळे डबा पोहोचण्यास उशीर झाला. आपली गैरसोय झाली असल्यास क्षमस्व.”

त्यांचे सासरे जवळच बसले होते. पत्र वाचून ते म्हणाले, “सूनबाई, ‘उशीर झाला’ या वाक्यात उशीर करणारा कोण, ते दिसत नाही. जणू काही तो आपोआपच झाला! आणि ‘गैरसोय झाली असल्यास’ हे कशाला? ती झाली आहे, हे आपल्याला ठाऊक आहे ना?”

“खरे आहे, मामंजी,” बाई म्हणाल्या, “पण पावसानेही घात केलाच की.”

“पाऊस आला, हे खरे. पण दिवसाला ४० डबे होत असता, पाच दिवसांत २४० डब्यांची मागणी कोणी घेतली?”

बाई क्षणभर गप्प राहिल्या. पाच दिवसांत २०० डबेच होऊ शकत होते. अनाऱ्शांसाठी तांदूळ तीन दिवस भिजवावे लागतात, रोज पाणी बदलावे लागते. मग ते सावलीत निथळवून कुटायचे, गूळ मिसळायचा आणि पीठ काही दिवस मुरू द्यायचे. येथे घाई चालत नाही. पावसाने तांदूळ सुकेनात, हे निमित्त झाले. मूळ चूक हिशेबाची होती.

मग भरपाईचा विचार निघाला. बाईंना वाटले, पुढच्या खरेदीवर १०० रुपयांची सूट द्यावी. सासरे म्हणाले, “म्हणजे ज्याचा सण आपण चुकविला, त्याने भरपाई मिळविण्यासाठी पुन्हा आपल्याकडेच पैसे खर्चावे? ही भरपाई नव्हे.” फराळ खाण्याजोगा होता, परंतु ज्या सकाळसाठी तो घेतला ती सकाळ निघून गेली होती. म्हणून पोहोचविण्याचे सर्व पैसे आणि किमतीचा चौथा हिस्सा रोख परत द्यावा, असे ठरले. चौथा हिस्साच का? असा कोणताही नियम नाही. तो सारासार विचाराने ठरविलेला आकडा होता. ज्याला डबा नकोच असेल, त्याला मात्र सगळे पैसे परत.

नंतर बाईंनी लिहिलेले पत्र असे होते :

*स. न. वि. वि.*

*धनत्रयोदशीपर्यंत फराळ देण्याचे आम्ही कबूल केले होते. तो आम्ही आपणांस भाऊबीजेला दिला. आपल्या घरी दिवाळीची पहाट फराळावाचून गेली, याबद्दल आम्ही आपली मनःपूर्वक क्षमा मागतो.*

*आमच्या आवाक्यात २०० डबे असता आम्ही २४० डब्यांची मागणी घेतली, ही आमची चूक. उशीर होणार हे आम्हांला धनत्रयोदशीच्या सकाळीच कळले होते. तेव्हाच आपणांस कळविले असते, तर आपण दुसरी सोय केली असती. आम्ही कळविले नाही, ही त्याहून मोठी चूक.*

*पोहोचविण्याचे ८० व किमतीपैकी २०० असे एकूण २८० रुपये आम्ही आठ दिवसांच्या आत आपणांस परत करू. त्यासाठी आपणांस काही करावे लागणार नाही. डबा नको असल्यास तसे कळवावे. आमचा माणूस तो घेऊन जाईल व पूर्ण ८८० रुपये परत मिळतील.*

*पुढील वर्षी २०० डब्यांची नोंद झाली, की आम्ही मागणी घेणे बंद करू.*

*कळावे, आपली नम्र*

मुलांनो, या पत्रातील शेवटचे वाक्य पाहा. ‘पुन्हा असे होणार नाही’ असे बाईंनी म्हटले नाही. ते कोणीही म्हणू शकतो. २०० हा आकडा मात्र ग्राहकाला पुढल्या वर्षी पडताळून पाहता येतो. ४० घरांचे मिळून निदान ११,२०० रुपये बाईंना द्यावे लागणार होते. ते आठ दिवसांत पोहोचले नसते, तर इतके नेटके पत्रही दुसरा मोडलेला वायदा ठरले असते.

स्वाध्याय

१. ‘उशीर झाला’ आणि ‘आम्ही उशीर केला’ या वाक्यांतील फरक सांगा.
२. पुढील खरेदीवरील सूट ही योग्य भरपाई का नव्हे?
३. बाईंनी कोणती चूक अधिक मोठी मानली? का?
४. गणेशचतुर्थीसाठी ठरविलेली मूर्ती एका मूर्तिकाराने दुसऱ्या दिवशी दिली. त्याच्या वतीने ग्राहकास पत्र लिहा. मूर्ती आता उपयोगी पडेल का, याचा विचार करून भरपाई ठरवा.